खासगी मालकाकडून जुनी दुचाकी घेताना: आरसी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर होईपर्यंत

मी स्कूटर घेतली २ मार्च २०२४ ला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरसीवर माझं नाव लागलं आणि मी निश्चिंत झालो. वीस एप्रिलला पार्किंगमध्ये उभ्या स्कूटरवर एक टेम्पो मागे घेताना आदळला आणि निघून गेला. पुढचं मडगार्ड, हेडलाइट आणि हँडल मिळून ६,४०० रुपयांचं काम निघालं. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता. तरीही क्लेम नामंजूर झाला, कारण पॉलिसीवर नाव आधीच्या मालकाचं होतं. त्यांची स्कूटर राहिली नव्हती, आणि माझा कंपनीशी काही करार नव्हता.

आरसी नावावर झाली की विमा आपोआप होतो, असा माझा समज होता. तसं होत नाही. आरटीओ विमा कंपनीला कळवत नाही आणि विमा कंपनी आरटीओला विचारत नाही. ही दोन वेगळी हस्तांतरणं आहेत, दोन्हींची मुदत वेगळी आहे आणि दोन्ही तुम्हालाच करायची आहेत. शोरूमच्या एक्स्चेंजमधून किंवा डीलरकडून गाडी घेतली तर यातलं बरंचसं कुणीतरी करून देतं. ओळखीच्या काकांकडून किंवा जाहिरात बघून थेट मालकाकडून घेतली तर कुणी करत नाही.

१. टोकन देण्याआधी: समोरचा माणूस खरोखर मालक आहे का

आरसीवरचं नाव आणि विकणाऱ्याच्या आधारवरचं नाव जुळतंय का, हे सगळ्यात आधी बघा. ऐकायला सोपं वाटतं, पण बरेच जण इथेच फसतात. "गाडी मित्राची आहे, त्याने टीटी फॉर्मवर, म्हणजे हस्तांतरणाच्या फॉर्मवर, सह्या करून दिल्यात, तुम्ही फक्त तुमचं नाव टाका," असं सांगणारे भेटतील. म्हणजे ती गाडी नोंद न होता एकदा विकली गेली आहे, आणि आता तुम्ही तिसरे. मूळ मालक सापडला नाही, त्याने ओटीपी दिला नाही किंवा त्याचा विचार बदलला, तर कोऱ्या सह्यांच्या फॉर्मने काही हलत नाही. असा सौदा कितीही स्वस्त असला तरी मी सोडून देईन.

दुसरी अडचण मालक वारलेला असण्याची. मुलगा गाडी विकतोय आणि आरसीवर वडिलांचं नाव आहे, तर आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. कायद्यात वारसाला तीन महिने गाडी वापरायची सवलत आहे, तीही मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवलं असेल तर. हे काम विकणाऱ्याने पूर्ण करून मग सौदा करावा. "दोन्ही एकदम करू" याला होकार देऊ नका.

नाव जुळलं की parivahan.gov.in वर किंवा mParivahan ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंद बघा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसेल, त्याची काळजी नको. तुम्हाला चार गोष्टी बघायच्या आहेत: आरसी कधीपर्यंत वैध आहे, विम्याची मुदत काय दिसते, पीयूसी चालू आहे का, आणि फायनान्सरच्या रकान्यात कुठल्या बँकेचं नाव आहे का. खासगी दुचाकीची आरसी पंधरा वर्षांची असते. गाडी चौदा वर्षांची असेल तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा खर्च तुमच्याच अंगावर येणार, तो किमतीत धरा.

त्याच बैठकीत echallan.parivahan.gov.in वर आणि महाराष्ट्रातली गाडी असेल तर mahatrafficechallan.gov.in वरही चलनं तपासा. दोन्हीकडे बघा, एकीकडे दिसलेलं दुसरीकडे नसू शकतं. थकलेली चलनं विकणाऱ्याने तुमच्यासमोर भरावीत. "पैसे कापून घ्या, तुम्ही भरा" हेही चालतं, पण भरून पावती हातात आल्यावरच पुढे जा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर नवीन पद्धतीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, हेही बघा. ती नसेल तर हस्तांतरणाचा अर्ज अडकतो.

२. चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

आरसीच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. गाडीवर कोरलेला नंबर वाचा. मोटारसायकलवर तो बहुधा हँडलच्या दांड्याजवळ फ्रेमवर असतो. स्कूटरवर तो शोधावा लागतो: कुठे पाय ठेवायच्या जागेवर रबराच्या झाकणाखाली, कुठे सीटखाली. माझ्या स्कूटरवर झाकण उचकटल्यावर चिखल वाळून दगड झाला होता. रॉकेलचा बोळा फिरवला तेव्हा कुठे आकडे वर आले. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की नंबर कागदावर उमटतो. हीच ती पेन्सिल प्रिंट, जी पुढे फॉर्मला चिकटवायला लागते, म्हणून दोन-तीन काढून ठेवा.

नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी I, O आणि Q ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे गोल दिसेल ते शून्यच. आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. एखादा आकडा खरवडलेला वाटला, किंवा ओळ वाकडी आणि अक्षरांची खोली कमी-जास्त वाटली, तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरही तसाच ताडा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर तो प्रश्न नंतर तुमचा होतो.

३. बोजा उतरलाय का

माझं सगळ्यात जास्त घोडं इथे अडलं. आधीचे मालक निवृत्त काका, व्यवहाराला अगदी चोख. "अहो, कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलं," म्हणाले, आणि बँकेचं पत्रही दाखवलं. पण पोर्टलवर फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव तसंच होतं.

कर्ज फेडणं आणि आरसीवरचा बोजा उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कर्ज फिटल्यावर बँक दोन कागद देते, एनओसी आणि फॉर्म ३५. ते घेऊन आरटीओकडे अर्ज केल्यावरच नोंद निघते. बरेच लोक एनओसी फाइलला लावून विसरून जातात. त्या एनओसीवर बहुधा मुदत छापलेली असते, साधारण तीन महिन्यांची. काकांची कधीच संपली होती. त्यांना बँकेत जाऊन नवीन आणावी लागली, आणि त्यात अकरा दिवस गेले.

तुमच्या सौद्यात बोजा दिसला तर गाडी घरी आणू नका आणि मोठी रक्कम देऊ नका. टोकन द्या, विकणाऱ्याला बोजा उतरवू द्या, आणि पोर्टलवरचा रकाना रिकामा दिसला की पुढे जा. बँकेचं पत्र पुरेसं नाही, रकानाच बघा.

४. मोबाइल नंबर: सौदा इथे अडकतो

हस्तांतरणाचा ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी जातो तो गाडीच्या नोंदीला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे आधीच्या मालकाच्या. हा नंबर कित्येकदा बंद पडलेला असतो, किंवा गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने भलताच टाकलेला असतो. पैसे दिल्यावर हे कळलं तर विकणाऱ्याच्या मागे धावणं आलं.

म्हणून बघायला जाल त्याच दिवशी विकणाऱ्याला विचारा, "आरसीला कुठला नंबर जोडलाय?" खात्री नसेल तर त्यांच्यासमोर बसून पोर्टलवर मोबाइल नंबर बदलून घ्या. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत लागते, आणि हे सगळं आरसीवरच असतं. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर इथे खोडा येतो. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे एकच अक्षर, एवढंही पुरतं. हेही आधीच कळलेलं बरं.

५. पैसे आणि ताबा

सौदा ४८,००० ला ठरला. मी २,००० टोकन दिलं. बोजा उतरल्यावर, सह्या झाल्यावर आणि ऑनलाइन अर्जाचा ओटीपी लागल्यावर ३८,००० बँकेतून पाठवले. ८,००० राखून ठेवले, आरसीवर माझं नाव आल्यावर द्यायचे म्हणून. काकांना हे सुरुवातीला आवडलं नाही. मग मी त्यांना त्यांच्याच फायद्याची गोष्ट सांगितली: नोंदीत ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाडी विकून झाल्यावरही नोंद बदलली नाही आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा जुन्या मालकाच्या दारात येऊ शकतो. हे ऐकल्यावर मात्र कागदांची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच झाली.

ताबा पावती दोन प्रतींत करा. त्यात गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, रक्कम, दोघांची नावं-पत्ते-सह्या, दोन साक्षीदार, आणि तारखेबरोबर वेळ लिहा. वेळ कशासाठी? सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं चलन काही दिवसांनी येतं आणि त्यावर वेळ छापलेली असते. सकाळी अकराचं चलन त्यांचं आणि संध्याकाळी सहाचं तुमचं, हे त्या एका ओळीने मिटतं. एक लक्षात ठेवा, पावती कितीही भारी स्टॅम्प पेपरवर केली तरी तिने मालकी बदलत नाही. ती फक्त व्यवहाराचा पुरावा आहे.

६. आरटीओचं हस्तांतरण

हाताशी ठेवायचे कागद:

- फॉर्म २९, दोन प्रती (विकणाऱ्याची विक्रीची सूचना)
- फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज, दोघांच्या सह्या)
- मूळ आरसी
- चालू विमा पॉलिसी आणि चालू पीयूसी
- तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा त्याऐवजी फॉर्म ६०, फोटो
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- चासीची पेन्सिल प्रिंट
- ताबा पावतीची प्रत

एजंट लोक २९ आणि ३० ला मिळून टीटी फॉर्म म्हणतात. एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. अर्ज तुमचा पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत येतो तिथे जातो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. शिवाय इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो. खासगी सौद्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्याने परराज्यातल्या गाडीच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे.

parivahan.gov.in वर वाहनविषयक सेवांमध्ये राज्य निवडून गाडीचा नंबर टाकला की हस्तांतरणाचा पर्याय मिळतो. दोघांचं आधार जुळत असेल तर घरबसल्या काम होतं. नसेल तर अर्ज आणि फी ऑनलाइन भरून, छापील प्रत आणि वरचे कागद घेऊन कार्यालयात जायचं. दुचाकीची हस्तांतरण फी १५० रुपये आहे, त्यावर स्मार्ट कार्ड आणि टपाल असे आणखी काही. एजंटने सांगितलेला आकडा आणि हा आकडा यांत बराच फरक दिसेल. एजंट घेऊ नका असं मी म्हणत नाही, वेळ नसेल तर घ्या. पण अर्ज क्रमांक मागून घ्या आणि पोर्टलवर स्थिती स्वतः बघत राहा.

दोन बारीक गोष्टी. सही आरसीवर किंवा नोंदीत आहे तशीच हवी. काकांची २०२१ ची सही लांबलचक होती आणि आता ते दोन अक्षरांत उरकतात, म्हणून फॉर्म परत आला. दुसरं, अर्जातला पत्ता पूर्ण लिहा, फ्लॅट नंबर आणि खूण यांसकट. नवी आरसी टपालाने येते, आणि दार बंद असलं की परत जाते.

नवी आरसी येईपर्यंत गाडी चालवताना अर्जाची पावती आणि ताबा पावती फोनमध्ये तयार ठेवा.

७. विमा: आरसीची वाट बघत बसू नका

आता माझ्या चुकीकडे. पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. ओन डॅमेज म्हणजे तुमच्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे गेलं असं मानतात. ओन डॅमेजला ही सवलत लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी कंपनीकडे अर्ज करून नाव बदलूनच घ्यावं लागतं, आणि अर्जाची मुदत विक्रीपासून १४ दिवस आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही पॉलिसीवर ज्याचं नाव त्याचाच.

आता तारखा बघा. विमा कंपनीची मुदत १४ दिवस, आरटीओला द्यायची तुमची ३०, आणि नवी आरसी हातात यायला त्याहूनही जास्त. "आरसी आली की विम्याचं बघू" असं म्हटलं की मुदत हमखास चुकते. मी तेच केलं. ताबा घेतला त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा: फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, अर्जाची पावती, ताबा पावती, तुमचं केवायसी. कंपनी बहुधा नव्या आरसीची प्रतही मागेल, ती आल्यावर पाठवा. पण कळवल्याची तारीख ईमेलवर राहू द्या.

"पाच वर्षांचा विमा आहे" हे वाक्य नीट ऐका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पाच वर्षं आहेत ती त्याचीच. ओन डॅमेज बहुधा पहिल्या वर्षापुरतं असतं आणि पुढे दरवर्षी वेगळं घ्यावं लागतं, ते वेगळ्या कंपनीचंही असू शकतं. माझी स्कूटर सप्टेंबर २०२१ ची. थर्ड पार्टी सप्टेंबर २०२६ पर्यंत एका कंपनीकडे, ओन डॅमेज सप्टेंबर २०२४ पर्यंत दुसरीकडे. म्हणजे अर्जही दोन. पोर्टलवर विमा चालू दिसला म्हणजे दोन्ही भाग चालू आहेत असं नाही, विकणाऱ्याकडून पॉलिसीचे कागदच मागून घ्या.

नाव बदलताना थोडे पैसे भरावे लागतात, आणि ते कशाचे हे न कळल्यामुळे लोक वैतागतात. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, माणसाची असते, गाडीची नाही. काकांनी दोन वर्षं क्लेम केला नव्हता, म्हणून त्यांना २५ टक्के सूट होती. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १,२०० रुपये आहे. त्यांनी सूट वजा जाता ९०० भरले. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पॉलिसीचे सहा महिने उरले होते. त्या सहा महिन्यांची सूट मला लागू नाही, म्हणून ३०० च्या निम्मे, १५० रुपये, वर जीएसटी आणि नावबदलाचं किरकोळ शुल्क. एवढीच रक्कम. विकणाऱ्याला त्याचा बोनस पत्र घेऊन पुढच्या गाडीसाठी राखून ठेवता येतो, हे त्यांना सांगा. कंपनीला फोन करायला ते स्वतःहून तयार होतात.

हे पैसे वाचवायला काही जण नाव न बदलता फक्त नूतनीकरण करतात, बोनसही तसाच लावून. क्लेमच्या वेळी आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवली की ते उघडं पडतं.

विमा आधीच संपलेला असेल तर प्रश्न सोपा आहे. तुमच्या नावाने नवा घ्या, पण गाडी रस्त्यावर आणण्याआधी. विम्याशिवाय पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड आणि पुन्हा पकडलं तर ४,०००. ओन डॅमेजमध्ये खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, त्याला एखादा दिवस धरा.

८. शेवटचा हिशेब

पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची झाकलेली अक्षरं तुमच्या नावाशी जुळतात का बघा. मालक क्रमांक एकाने वाढलेला दिसेल. नोंदीत मोबाइल नंबर तुमचाच गेलाय ना, तेही बघा, नाहीतर तुमची चलनं काकांच्या फोनवर वाजत राहतील. मग विमा कंपनीकडून नावबदलाची पुरवणी, ज्याला ते एंडॉर्समेंट म्हणतात, ती उतरवून घ्या आणि त्यातलं नाव, गाडीचा नंबर, चासी नंबर आरसीशी ताडा. माझ्या पुरवणीत चासीचा एक आकडा चुकला होता. ईमेल केल्यावर दोन दिवसांत दुरुस्त होऊन आली.

काकांचे राखलेले ८,००० मी आरसी आली त्याच संध्याकाळी नेऊन दिले आणि त्यांच्या ताबा पावतीच्या प्रतीवर "पूर्ण रक्कम मिळाली" असं लिहून त्यांची सही घेतली. टेम्पोचे ६,४०० मात्र माझ्या खिशातून गेले.